चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेलं प्रथिन

प्रायमरी हायपरऑक्झलुरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात बहुतेकदा लहान वयापासूनच वारंवार मुतखडे होतात आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्या यकृतात एजीटी नावाचं एक विकर ग्लायॉक्झिलेटचं रूपांतर निरुपद्रवी ग्लायसीनमध्ये करतं. ते कमी पडलं की ग्लायॉक्झिलेटचं ऑक्झलेट बनतं आणि कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे होतात. 1989 मध्ये लंडनच्या ख्रिस्तोफर डॅनपुर आणि सहकाऱ्यांनी अशा दोन रुग्णांच्या यकृतपेशी तपासल्या, तेव्हा त्यांना विकर सापडलं. ते कामही करत होतं. फक्त ते जिथे हवं त्या पेरॉक्सिसोममध्ये नव्हतं. बरंचसं तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जाऊन पोहोचलं होतं. तिथे त्याचा या कामाला उपयोग नव्हता.

हे कसं झालं, ते समजायला तंतुकणिकेत प्रथिनं शिरतात कशी ते पाहावं लागतं. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, पण माणसात त्यातून जेमतेम 13 प्रथिनं तयार होतात. तिला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं बाहेर, पेशीद्रव्यात बनतात. त्यांना बाह्यपटल आणि अंतःपटल अशी दोन पटलं ओलांडून आत यायचं असतं.

आतल्या गाभ्यात जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीला साधारण 15 ते 50 अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. त्याला पूर्वक्रम म्हणू. हा तुकडा मळसूत्रासारखा वळतो तेव्हा त्याच्या एका बाजूला धनप्रभारित अमिनो आम्लं येतात आणि दुसऱ्या बाजूला पाण्यापासून दूर राहणारी. नेमकी अक्षरं प्रत्येक प्रथिनात वेगळी असतात. ओळखला जातो तो हा दुहेरी स्वभाव. बाह्यपटलावरचं टॉम-20 हे प्रथिन पाणी टाळणारी बाजू धरतं, तर टॉम-22 धनप्रभारित बाजू. मग साखळी टॉम-40 च्या छिद्रातून आत सरकते.

अंतःपटलाशी टिम-23 हे संकुल तिला पुढे घेतं. अंतःपटलाच्या आतल्या बाजूला ऋण विद्युतदाब असतो, म्हणून धनप्रभारित पूर्वक्रम आत ओढला जातो. मागची लांब साखळी ओढण्याचं काम आतलं एचएसपी-70 करतं आणि त्यासाठी एटीपी खर्च करतं. शेवटी एक कात्री-विकर पूर्वक्रम कापून टाकतं आणि उरलेलं प्रथिन घडी घालून कामाला लागतं.

पण पूर्वक्रम असणं पुरेसं नाही. टॉम-40 चं छिद्र इतकं अरुंद आहे की घडी पडलेलं प्रथिन त्यातून जात नाही. साखळी उलगडलेली हवी. 1986 मध्ये बाझेलच्या मार्टिन आयलर्स आणि गॉटफ्रीड शात्झ यांनी हे सुरेख दाखवलं. त्यांनी डीएचएफआर या उंदराच्या विकराला तंतुकणिकेचा पूर्वक्रम जोडला, तेव्हा ते यीस्टच्या तंतुकणिकांत शिरलं. मग त्यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध मिसळलं. ते या विकराला घट्ट चिकटून त्याची घडी पक्की करतं. आता प्रवेश थांबला.

एजीटीच्या रुग्णांत याच दोन अटी एकत्र पूर्ण होतात. काही लोकांत या विकराच्या अकराव्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन असतं. प्रोलीन मळसूत्र मोडतं. ते गेल्यावर विकराची सुरुवात कच्च्या पूर्वक्रमासारखी वागू लागते. तरीही यामुळे एकट्याने आजार होत नाही, कारण विकराच्या दोन साखळ्या चटकन घडी घालून जोडीने बांधल्या जातात. अशी जोडी तंतुकणिकेच्या छिद्रात मावत नाही, उलट पेरॉक्सिसोमला ती घडीसकट चालते. म्हणून थोडंसंच विकर भरकटतं. मात्र त्याच प्रथिनात 170 व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन आलं, की जोडी जमायला उशीर होतो. साखळी तेवढा वेळ उलगडलेली राहते आणि कच्चा पूर्वक्रमही तिला तंतुकणिकेत न्यायला पुरतो.

उपचाराची दिशा इथूनच कळते. जीवनसत्त्व बी-6 पासून बनणारा सहघटक एजीटीला बसतो आणि त्याची घडी स्थिर ठेवायला मदत करतो. म्हणूनच 170 व्या जागचा हा बदल असलेल्या अनेक रुग्णांत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6, दिल्यावर लघवीतलं ऑक्झलेट उतरतं. ज्यांच्यात विकर मुळात बनतच नाही, त्यांना त्याचा फायदा होत नाही. त्यामुळे आजाराचं निदान झालं की जनुकीय चाचणीत नेमका कोणता बदल आहे ते पाहणं आणि बी-6 दिल्यानंतर लघवीतलं ऑक्झलेट मोजत राहणं, ही दोन्ही कामं आवश्यक ठरतात.