पिसून झाल्यावर एक तरी चाल हवी

२००१ साली आलेल्या 'बिज्वेल्ड'मध्ये पटावर चाल उरली नाही की डाव तिथेच संपायचा. पुढे 'कँडी क्रश'सारख्या खेळांनी अशा वेळी खडे आपोआप पिसून द्यायला सुरुवात केली. पत्ते पिसण्यासारखंच हे, असं वाटतं. पण पिसलेल्या पत्त्यांतून काहीही निघालं तरी चालतं. इथे पटावर एक तरी चाल निघायलाच हवी, आणि आयता जुळलेला तिघांचा गट मात्र एकही नको.

आधी, चाल संपली हे कळतं कसं? आठ बाय आठच्या पटावर शेजारच्या दोन खड्यांची अदलाबदल एकूण ११२ प्रकारे होते: आडव्या ५६, उभ्या ५६. प्रत्येक अदलाबदल करून बघायची, त्या दोन घरांच्या आडव्या-उभ्या ओळींत तिघे जुळतात का ते तपासायचं आणि खडे परत जागेवर ठेवायचे. संगणकाला हे किरकोळ काम आहे. पाच खडे जुळवून मिळालेला रंगबॉम्ब पटावर असेल, तर तो शेजारच्या कुठल्याही साध्या खड्याशी बदलता येतो, म्हणजे चाल आहेच. हे विसरलेला खेळ हातचा बॉम्ब असताना उगाच पट पिसून टाकतो.

तपासणी कधी करायची, यातही फसगत होते. गट फुटतो, वरचे खडे खाली येतात, रिकाम्या घरांत नवे पडतात, त्यातून पुन्हा गट जुळतो. ही पडझड पूर्ण थांबल्यावरच चाली मोजायच्या. मध्येच मोजलं तर पुढच्याच क्षणी मोडणारा पट आपण तपासत असतो.

आता पिसणं. सरळ उपाय म्हणजे पिसा, तपासा, नाही जमलं तर पुन्हा पिसा. बहुतेक वेळा दोन-चार फेऱ्यांत काम होतं. पण अर्धा पट दगडांनी अडलेला आहे, हलवता येणारे खडे सातच आहेत, आणि त्यांत दोन लाल, दोन निळे, दोन हिरवे नि एक पिवळा आहे, असं समजा. एका रंगाचे तीन खडेच नाहीत, तर कितीही पिसलं तरी चाल कुठून येणार? खेळ फिरत राहतो आणि पडदा गोठतो. खेळणाऱ्याला वाटतं, फोनच बिघडला.

म्हणून फेऱ्यांना मर्यादा घालतात, समजा वीस. त्यानंतर चाल हातानेच पेरायची. एका ओळीतली चार मोकळी घरं शोधून त्यांत लाल, लाल, निळा, लाल असे खडे ठेवायचे. शेवटचे दोन बदलले की तीन लाल जुळतात. तिसरा लाल नसेल तर पिवळ्यालाच लाल करायचं. ही लबाडी आहे खरी, पण गोठलेल्या पडद्यापेक्षा बरी. उरलेली घरं भरताना कुठेही तिघे जुळणार नाहीत एवढं बघायचं आणि शेवटी सगळा पट पुन्हा एकदा तपासायचा.

सलग चार घरंही मोकळी नसतील, तर तिसरा खडा वरच्या किंवा खालच्या ओळीत ठेवून कोनातली चाल पेरता येते. तेवढीही जागा नसेल, तर दोष पिसण्याचा नाही, दगड मांडणाऱ्याचा आहे.