तुंबलेल्या गटाराचा अर्ज

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीने वॉर्ड ऑफिसला दीड पानी अर्ज दिला. पहिल्या परिच्छेदात आम्ही वेळेवर कर भरतो हे, दुसऱ्यात डास, तिसऱ्यात शाळेत जाणारी मुलं. गटार कुठे तुंबलंय ते अगदी शेवटी, आणि तेही ‘आमच्या घरासमोर’ एवढंच. बावीस सह्या होत्या, पत्ता एकाचाही नव्हता. अर्जाचं पुढे काय झालं ते कळलं नाही, कारण पोच घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

असा अर्ज आधी आवक-जावक विभागात जातो. तिथला कारकून बहुतेक वेळा विषयाची ओळ वाचून तो कोणत्या खात्याकडे पाठवायचा ते ठरवतो. मग तो कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येतो, आणि त्याला गाडी कुठे न्यायची एवढंच हवं असतं. त्यामुळे विषय आणि ठिकाण या दोन ओळी जमल्या, की निम्मं काम झालं.

विषय लिहिण्याआधी गटार कोणतं ते पाहून घ्यावं. रस्त्याकडेला जाळी असलेली पावसाळी वाहिनी वेगळी आणि घराघरांतलं सांडपाणी नेणारी ड्रेनेज लाइन वेगळी. मुंबईत तर दोन्हींची खातीच वेगळी आहेत: पर्जन्य जलवाहिन्या आणि मलनिःसारण. पाऊस नसताना, सकाळी अंघोळी-धुण्याच्या वेळी साबणाचं, घाण वासाचं पाणी वर येत असेल, तर ती ड्रेनेज लाइन समजावी. फक्त सरीनंतर तळं साचत असेल, तर पावसाळी वाहिनी. आणि तुंबलेलं चेंबर सोसायटीच्या आवारात असेल, तर ‘खासगी’ असा शेरा मारून अर्ज परत येण्याची शक्यता जास्त.

आमचा दुसरा अर्ज असा होता:

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
(विभाग कार्यालयाचे नाव व पत्ता)

विषय: (रस्त्याचे नाव) येथील सार्वजनिक ड्रेनेज लाइन तुंबून सांडपाणी रस्त्यावर येत असल्याबाबत.

संदर्भ: ऑनलाइन तक्रार क्र. ……, दि. ……

महोदय,

वरील रस्त्यावर पिठाच्या गिरणीसमोरील, विजेच्या खांब क्र. …… जवळील चेंबरमधून दि. …… पासून रोज सकाळी 7 ते 10 या वेळेत सांडपाणी रस्त्यावर येत आहे. त्यापुढील, उताराकडील चेंबर मात्र भरून वाहत नाही.

तरी सदर लाइन यंत्राद्वारे साफ करून काढलेला गाळ त्याच दिवशी उचलावा व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

सोबत: 2 छायाचित्रे.

मजकूर एवढाच, पण त्यातल्या काही ओळी मुद्दाम घातलेल्या आहेत. वरचं चेंबर वाहतंय आणि उताराकडचं वाहत नाही, म्हणजे तुंबारा बहुधा त्या दोघांच्या मध्ये. अभियंत्याचा शोध तिथेच सुरू होतो. (हे रस्त्यावरून दिसतं तेवढंच पाहावं. झाकण उघडायला जाऊ नये, आतला वायू जीवघेणा असू शकतो.) ‘यंत्राद्वारे’ हा शब्दही सोडू नये. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. गाळाचं वाक्य अनुभवातून आलंय. उपसलेला गाळ काठावर वाळत ठेवतात आणि पुढची सर तो पुन्हा आत ढकलते.

छायाचित्र नुसत्या घाण पाण्याचं घेतलं, तर ते कुठल्याही गल्लीतलं वाटतं. आमच्या फोटोत गिरणीची पाटी होती. कर, डास आणि मुलं यांना अर्जात जागा मिळाली नाही म्हणून शेजारच्या आजोबा थोडे नाराज झाले, पण सही त्यांनी केली.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक तिथे द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं कुणी म्हटलं, तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आठ-दहा दिवसांत काहीच हाललं नाही, तर स्मरणपत्र द्यावं. त्यात सगळं पुन्हा लिहायची गरज नसते. संदर्भात तो आवक क्रमांक टाकून ‘अद्याप कार्यवाही झालेली नाही’ म्हटलं, की पुरतं.

तरीही गप्प बसले, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात त्याचं शुल्क 10 रुपये आहे आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत, एकाच विषयापुरता ठेवावा लागतो. ‘गटार का साफ केलं नाही?’ असा जाब त्यात विचारू नये. ‘आवक क्र. …… या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी’ अशी मागणी करावी. कायद्याने त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्यावर ती वेळ आली नाही. स्मरणपत्रानंतर चौथ्या दिवशी सकाळी जेटिंगची गाडी गिरणीसमोर उभी होती.