वाइन तोंड का कोरडं पाडते?

फ्रान्सच्या बोर्दो भागात रेड वाइन बाटलीत भरण्याआधी अंड्याच्या पांढऱ्याने निवळून घेण्याची जुनी रीत आहे. २२५ लिटरच्या लाकडी पिंपाला तीन ते सहा अंडी लागतात. पांढरा हलकेच घुसळायचा, वाइनमध्ये ढवळायचा आणि पिंप काही आठवडे न हलवता ठेवायचं. गाळ तळाशी बसला की वरची वाइन दुसरीकडे काढून घ्यायची. (उरलेल्या बलकांतूनच तिथल्या ‘कानले’ नावाच्या केकचा जन्म झाला, अशी दंतकथा आहे.) अशी वाइन चकचकीत तर होतेच, पण प्यायला मऊही लागते, कारण पांढऱ्यातली प्रथिनं खाली बसताना काही टॅनिन सोबत घेऊन जातात. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हेच काम आता वाटाण्याच्या किंवा बटाट्याच्या प्रथिनांकडून करून घेतलं जातं.

पिंपात जे घडतं, तेच रेड वाइन पिणाऱ्याच्या तोंडात घडतं. फक्त तिथे प्रथिनं लाळेतली असतात.

टॅनिन हा एकच एक पदार्थ नाही. वनस्पतींच्या साली, बिया, पानं आणि कच्च्या फळांत तयार होणाऱ्या संयुगांचं ते मोठं कुळ आहे, आणि प्रथिनांना चिकटणं हा त्या कुळाचा स्वभाव. सह्याद्रीतला हिरडा आणि बाभळीची साल कातडी कमावायला वापरली जाते ती याच गुणामुळे: कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन धरून ठेवतं आणि कातडं कुजत नाही.

लाळ दिसते पाण्यासारखी, पण तिच्यातली प्रथिनं जीभ, गाल आणि हिरड्यांवर बुळबुळीत थर धरून असतात. त्या वंगणामुळेच बोलताना, गिळताना घर्षण जाणवत नाही. लाळेतली काही प्रथिनं लांब, सैल साखळ्यांसारखी असतात आणि टॅनिनला ती सहज सापडतात. दोघांची गाठ पडली की बारीक गुठळ्या होतात, वंगण विस्कटतं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. तोंडातलं पाणी संपलेलं नसतं, उलट अनेकदा लाळ जास्तच सुटते. तरीही तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. म्हणून तुरटपणाला निव्वळ चव म्हणणं अपुरं आहे. त्यात स्पर्शाचा वाटा मोठा आहे. कडवटपणा जिभेवर कळतो, तुरटपणा मात्र गालांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या ओठाखालच्या हिरडीवरही जाणवतो. घोटागणिक तो वाढत जातो, कारण दोन घोटांमध्ये थर पुन्हा नीट बसायला वेळ मिळत नाही.

द्राक्षाच्या गरात आणि रसात टॅनिन फारसं नसतं. ते असतं सालीत, बियांत आणि घडाच्या हिरव्या देठांत. व्हाइट वाइनसाठी द्राक्षं आधी दाबून रस वेगळा काढतात आणि मग तो आंबवतात, त्यामुळे ती क्वचितच तुरट लागते. रेड वाइनमध्ये रस साली-बियांसकट आंबतो. साली वर तरंगून जाड थर धरतात. तो दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो, किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडावा लागतो. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो. बियांतलं टॅनिन सावकाश येतं, कारण बीवरचा मेणचट थर सैल पडायला अल्कोहोल लागतं. पुढे नव्या ओकच्या पिंपातूनही थोडं टॅनिन उतरतं, पण ते वेगळ्या जातीचं असतं.

गडद वाइन म्हणजे तुरट वाइन, हा समज इटलीतल्या बारोलोने खोटा ठरवला आहे. ती नेब्बिओलो द्राक्षापासून बनते. रंग इतका फिका की ग्लासातून पलीकडचं दिसावं, पण टॅनिन भरपूर. जुन्या पद्धतीचे उत्पादक साली महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ वाइनमध्येच ठेवत. नियमानुसार बारोलो ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले किमान १८ लाकडी पिंपात. या काळात टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि धार कमी होते. मुळातच कच्च्या द्राक्षांची वाइन मात्र कितीही मुरवली तरी सुधारेलच असं नाही.

म्हणूनच तोडणीआधी जाणता वाइनमेकर मळ्यात द्राक्षं खाताना बिया थुंकत नाही, चावून पाहतो. हिरवी, चिवट बी तोंड आवळते. पिकलेली बी तपकिरी असते आणि दाताखाली कडकन फुटते. केवळ साखर मोजून तोडणी ठरवली, तर उष्ण हवेत फसगत होऊ शकते: रस गोड झालेला असतो आणि बिया अजून हिरव्याच. चोथा शेवटी फार जोर लावून पिळला, तरीही वाइन कडवट आणि ओबडधोबड होते.

पिणाऱ्याच्या हाती राहतं ते सोबतचं खाणं. चीज किंवा मटण तोंडात असलं की टॅनिनला लाळेखेरीज दुसरीही प्रथिनं मिळतात, आणि स्निग्धांशाने वंगणही होतं. नुसत्या पाण्याच्या चुळीने तेवढा फरक पडत नाही. झणझणीत रश्शाबरोबर मात्र तरुण, तुरट रेड जपून घ्यावी; तिखटाची आग आणि टॅनिनची खरखर एकाच वेळी सोसताना दोन्ही जास्तच जाणवतात.