dy/dx मधली आडवी रेघ

अकरावी-बारावीत dy/dx शिकवताना बजावले जाते की हा अपूर्णांक नाही, एकसंध चिन्ह आहे. आठवड्याभरात त्याच फळ्यावर dx उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे नेला जातो आणि उत्तरही अचूक येते. मुलांचा गोंधळ उडणे अगदी रास्त आहे.

y = x² घेऊ. x ची किंमत ३ वरून ३.१ केली की y ९ वरून ९.६१ होतो. वाढींचा भागाकार ०.६१ ÷ ०.१, म्हणजे ६.१. x फक्त ०.०१ ने वाढवला तर भागाकार ६.०१ येतो, ०.००१ ने वाढवला तर ६.००१. यातला प्रत्येक भागाकार खराखुरा अपूर्णांक आहे आणि तो Δy/Δx असा लिहितात. हे सारे ज्या ६ कडे सरकतात, ती सीमा म्हणजे dy/dx. ती भागाकारांतून मिळते, पण स्वतः दोन संख्यांचा भागाकार नसते.

लाइबनिट्सने १६८४ साली हे चिन्ह छापून मांडले तेव्हा dx म्हणजे अतिसूक्ष्म फरक अशी त्याची कल्पना होती. शून्य नाही आणि कुठल्याही संख्येहून लहान, अशी राशी असते तरी कशी, हा आक्षेप बिशप बर्कलीने १७३४ मध्ये घेतला. सीमेची काटेकोर व्याख्या एकोणिसाव्या शतकात झाली.

मग काटाकाट चालते कशी? dy/dx = dy/du × du/dx या साखळी नियमात Δu खरोखरच कटतो, आणि सीमा घेतल्यावरही नाते टिकते. (Δu मध्येच शून्य होत असेल तर सिद्धता थोडी वळसा घेते, नियम मात्र बदलत नाही.) dy/dx = ky मध्ये dx पलीकडे नेणे हीदेखील याच नियमाची लघुलिपी आहे. खरे तर आपण दोन्ही बाजूंना y ने भागून x च्या संदर्भात समाकलन करत असतो.

चलांची संख्या वाढली की ही सवय दगा देते. एक मोल आदर्श वायूसाठी PV = RT. तापमान स्थिर ठेवून ∂P/∂V = −RT/V². दाब स्थिर ठेवून ∂V/∂T = R/P. आकारमान स्थिर ठेवून ∂T/∂P = V/R. या तिघांचा गुणाकार करा. अपूर्णांक समजून वरखाली काटले तर १ यायला हवा. प्रत्यक्षात −RT/PV येतो, म्हणजे −१.

पहिल्या पदातला ∂V तापमान स्थिर असतानाचा आहे आणि दुसऱ्यातला दाब स्थिर असतानाचा. अक्षर एकच असले तरी बदल वेगळे आहेत, म्हणून ते एकमेकांना काटू शकत नाहीत. उष्मागतिकीच्या पुस्तकांत अशा प्रत्येक पदाला कंस घालून, काय स्थिर ठेवले ते त्याच्या पायाशी लहान अक्षरात लिहितात ते यासाठीच.