दाखला हातात, डिपॉझिट शाळेत

आहुप्याच्या पोराला गावात शिकायला फी लागत नाही. जिल्हा परिषदेची शाळा असो की आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा, तिथे अनामत नाही, आगाऊ हप्ता नाही. शाळा सोडताना पैसे परत मागायचा प्रश्नही त्यामुळे येत नाही. तो येतो मूल डिंभ्याच्या पाण्याकडेने खाली घोडेगाव-मंचरला, किंवा पलीकडे जुन्नरला, खासगी इंग्रजी माध्यमात घातले की. मामाकडे नाही तर आत्याकडे राहून मूल वर्ष-दोन वर्षे शिकते, मग काही कारणाने परत गावाकडे येते. प्रवेशावेळी भरलेले डिपॉझिट आणि पुढच्या सहामाहीची भरून ठेवलेली फी मात्र तिथेच राहते.

ती राहण्याचे कारण बहुतेक वेळा एका सहीत असते. दाखल्याच्या अर्जाबरोबर किंवा दाखला देतानाच्या रजिस्टरात कार्यालयातून एक ओळ पुढे केली जाते: ‘दाखला मिळाला, शाळेकडे काही येणे नाही.’ संध्याकाळची एसटी गाठायची घाई असते, हातात दाखला पडत असतो, आणि बाप सही करून मोकळा होतो. पुढे पैसे मागायला गेले की तीच सही दाखवली जाते. म्हणून आधी हे मनात पक्के करावे की दाखला आणि पैसे ही दोन वेगळी कामे आहेत. पोच द्यायची ती फक्त दाखल्याची. छापील ओळीत हिशोब मिटल्याचे लिहिले असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावे: ‘फक्त दाखला मिळाला. अनामत व आगाऊ फी येणे बाकी.’ असे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

दाखल्यासाठी पैशांचा हिशोब थांबवावा लागत नाही, तसाच हिशोबासाठी दाखलाही अडवता येत नाही, निदान आठवीपर्यंत तरी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते की मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ इच्छित असेल, तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. म्हणजे मूल आहुप्याच्या शाळेत बसू लागेल आणि मंचरच्या शाळेशी पैशांचे बोलणे नंतर चालू राहील. नववी-दहावीच्या मुलाला मात्र या कलमाचा आधार नाही, तिथे दाखल्यासाठीही पाठपुरावा करावा लागतो. कागदी दाखल्याबरोबर ऑनलाइन नोंदही हलली पाहिजे. नवी शाळा विद्यार्थी मागवल्याची विनंती टाकते आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची असते. दाखला दिला पण नोंद सोडली नाही, असे झाले तर लगेच लेखी कळवावे.

आता पैशांकडे येऊ. शाळेत भरलेले सगळे पैसे एका जातीचे नसतात. अनामत म्हणजे डिपॉझिट हे शाळेचे उत्पन्नच नव्हे. पुस्तक हरवले, बाक मोडला, फी थकली तर त्यातून वळते करायला पालकाने शाळेकडे ठेवलेली ती रक्कम आहे. शाळेच्या हिशोबात ती देणे म्हणूनच दिसायला हवी. त्यामुळे ती परत मागायला ‘शाळा का सोडली’ याचे उत्तर द्यावे लागत नाही. वजावट करायची असेल तर कशाची आणि किती, हे शाळेने दाखवायचे.

आगाऊ फीचे तसे नाही. ती शिकवण्याचा मोबदला आहे, म्हणून मुद्दा येतो की शिकवणे किती झाले. सरलेल्या महिन्यांची फी शाळेची, हे उघड आहे. ओळखपत्र, डायरी, गणवेश यांचे पैसेही परत येत नाहीत, कारण वस्तू घरी आली. प्रवेश शुल्क साधारणपणे परत मिळत नाही. वाद होतो तो सुरू झालेल्या सहामाहीवर. सीबीएसईच्या जुन्या संलग्नता नियमांत याबाबत स्पष्ट ओळ होती: पालकांची बदली किंवा आजारपण अशा कारणाने मूल मध्येच गेले तर तिमाहीची, सत्राची किंवा वर्षाची फी त्या प्रमाणात परत करावी. राज्य मंडळाच्या शाळेत आपला आधार म्हणजे प्रवेशाच्या वेळी सही केलेला अर्ज, शुल्कपत्रक आणि पावत्या. म्हणून मागणी करण्याआधी त्या अर्जाची मागची बाजू वाचून घ्यावी, बारीक अक्षरातली.

एक हिशोब करून पाहू. समजा मंचरच्या एका खासगी शाळेत सहावीच्या मुलीचे जूनमध्ये एकूण 28,600 रुपये भरले. त्यात शिक्षण शुल्क 24,000, म्हणजे 12,000 ची एक सहामाही अशा दोन. दोन परीक्षांचे 1,000, ओळखपत्र-डायरीचे 600 आणि अनामत 3,000. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी, पहिले सत्र संपतानाच, बापाने शाळा सोडण्याचा अर्ज दिला. पहिली सहामाही आणि पहिली परीक्षा शाळेची झाली. दुसऱ्या सहामाहीचे 12,000 आणि दुसऱ्या परीक्षेचे 500 वापरलेच गेले नाहीत. ओळखपत्राचे 600 गेले. अनामतीतून ग्रंथालयाच्या न सापडलेल्या पुस्तकाचे 240 वजा होतील. मागणी होते 15,260 रुपयांची.

तीच मुलगी डिसेंबरच्या शेवटी गेली असती तर चित्र बदलते. जून ते डिसेंबर सात महिने धरले आणि वर्षाची फी बारा महिन्यांत वाटली, तर महिन्याला 2,000 प्रमाणे 14,000 सरले आणि 10,000 उरले. शाळा मात्र म्हणेल की दुसरे सत्र सुरू झाले, त्याची फी परत मिळणार नाही. आणि शुल्कपत्रकात तसे लिहिले असेल तर तिचे म्हणणे सहज खोडता येणार नाही. म्हणून जायचे ठरलेच असेल तर अर्ज सत्र बदलण्याआधी द्यावा. मूल आणखी चार दिवस शाळेत जात राहिले तरी चालेल, अर्जावर तारीख आणि पोच मात्र आधीची हवी. सुट्टीत घरी बसून ठरवले आणि सुट्टीनंतर अर्ज दिला, यातच पुष्कळांचे हजारो रुपये जातात.

अर्ज लांबलचक नको. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे असे लिहिले की पुरे:

‘माझी मुलगी इयत्ता सहावीत आपल्या शाळेत शिकत आहे. तिचा शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. प्रवेशावेळी भरलेली अनामत रक्कम व न वापरलेली दुसऱ्या सहामाहीची फी पुढील हिशोबाप्रमाणे माझ्या बँक खात्यात जमा करावी. काही वजावट करायची असल्यास तिचा तपशील लेखी द्यावा. पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’

खाली हिशोबाच्या चार ओळी, खाते क्रमांक, आयएफएससी आणि तारीख. दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही व आवक क्रमांक घ्यावा. पोच देत नसतील तर वाद न घालता घोडेगावच्या टपाल कार्यालयातून तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोहोचल्याचा पुरावा जपावा. मूळ पावत्या मागितल्या तर त्या देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पावती हरवली असेल तरी हक्क जात नाही. बँकेतून भरले असतील तर पासबुकातली नोंद पुरावा आहे, रोख भरले असतील तर शाळेच्या फी रजिस्टरातली नोंद पाहून द्या असे अर्जातच लिहावे. रोख भरूनही पावतीच घेतली नसेल, तर मात्र पुढची वाट अवघड आहे.

दाखला घेताना आदिवासी पालकांनी आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी, पैशांपेक्षाही आधी: जातीची नोंद. ‘महादेव कोळी’ ऐवजी नुसते ‘कोळी’ लिहिले गेले, तर पुढे जात पडताळणीच्या वेळी तो कागद मुलाच्या आड येतो. नाव, जन्मतारीख, जात हे सगळे खिडकीपाशीच वाचून मग पोच द्यावी.

शाळेने महिनाभर उत्तर दिले नाही तर कुठे जायचे? आपल्या राज्यात 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे, पण तो मुख्यतः फी किती असावी याभोवती फिरतो. फीवाढीची तक्रार विभागीय शुल्क नियामक समितीकडे न्यायची तर किमान 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्या बापाच्या तीन हजारांच्या अनामतीसाठी तो दरवाजा उपयोगाचा नाही, आणि ही मला या कायद्यातली मोठी उणीव वाटते. दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाने 1999 मध्येच आदेश काढून खासगी शाळांच्या अनामतीला 500 रुपयांची मर्यादा घातली आणि ती बँकेत ठेवून, मूल शाळा सोडेल तेव्हा व्याजासह, पालकाने मागितली नाही तरी परत द्यायला सांगितले. असा दोन ओळींचा आदेश आपल्याकडे असता तर या लेखातले निम्मे काही सांगावे लागले नसते.

तोवर पायऱ्या अशा आहेत. पहिली ते आठवीसाठी गटशिक्षणाधिकारी, म्हणजे मंचरच्या शाळेसाठी घोडेगावची पंचायत समिती. त्यापुढच्या वर्गांसाठी जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक). अर्जाची पोच आणि हिशोब जोडून लेखी तक्रार दिली की ते शाळेकडून खुलासा मागवू शकतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम होते. मूल नामांकित शाळा योजनेतून गेले असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फी आदिवासी विकास विभाग भरतो, तेव्हा न वापरलेली फी पालकाची नसते. पण शाळेने पालकाकडून वेगळे डिपॉझिट घेतले असेल तर ती पावती घेऊन घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात जावे.

ग्राहक आयोगाचा सल्लाही कोणी देईल. शाळेचे शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे का, यावर वाद आहे. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने 2020 मध्ये उत्तर शाळांच्या बाजूने दिले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यामुळे त्यावरच भिस्त ठेवू नये. येणे रकमेसाठी दिवाणी न्यायालयात जाता येते. त्याची मुदत साधारण तीन वर्षांची, म्हणून अर्जाच्या तारखेला इतके महत्त्व. पंधरा हजारांसाठी वकील परवडत नाही हे खरेच. पण अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घोडेगावच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जातीचा दाखला आणि शाळेला दिलेल्या अर्जाची पोच घेऊन गेले, की खटल्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करता येते. समिती शाळेला नोटीस पाठवते आणि दोघांना समोर बसवते. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. शाळेने मात्र यायचेच नाकारले तर लोकअदालत तिच्यावर निकाल लादू शकत नाही. मग समितीने दिलेल्या वकिलाकडून रीतसर दावा लावावा लागतो.