पन्नासची लेन्स हॉलमध्ये का पुरत नाही?

कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स वापरून हात बसला की दुसऱ्या लेन्सची ओढ लागते. दुकानदार असो वा मित्र, बहुतेक जण एकच नाव सुचवतात: पन्नास एमएम, एफ/१.८. ती तुलनेने स्वस्त आहे, हलकी आहे, कमी उजेडात चालते आणि चेहऱ्यामागची गर्दी छान धूसर करते. हे सगळं खरं आहे. पण ती घरी आणून दिवाळीत हॉलमध्ये सगळ्या कुटुंबाचा फोटो घ्यायला गेलं, की पाठ भिंतीला टेकते आणि तरी कडेची माणसं चौकटीबाहेरच राहतात. यात लेन्सचा काही दोष नाही. ‘पन्नास म्हणजे सर्वसाधारण दृश्य’ हा तिचा लौकिक मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यावर झालेला आहे.

ती चौकट फिल्मच्या जमान्यातली. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. त्यात सिनेमाची ३५ एमएम फिल्म आडवी धावायची आणि प्रत्येक फोटोला ३६ बाय २४ मिलिमीटर जागा मिळायची. पुढे जगभर हेच माप रूढ झालं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं फार महाग पडत होतं. म्हणून १९९९ च्या निकॉन डी१ सारख्या कॅमेऱ्यांत लहान सेन्सर आला, पण त्यावर लेन्स मात्र जुन्याच बसत. हातातली ओळखीची लेन्स या नव्या कॅमेऱ्यावर किती दृश्य पकडेल, याचा अंदाज बांधायला एक गुणक लागला. तोच क्रॉप फॅक्टर.

लेन्स आपल्यामागे एक गोल प्रतिमा टाकते. त्या गोलातला जेवढा आयत सेन्सरवर पडतो तेवढाच फोटो होतो. टूरिंग टॉकीजमध्ये प्रोजेक्टर आणि त्याचं अंतर तेच ठेवून पडदा लहान लावला, तर चित्र आक्रसत नाही. त्याच्या कडा पडद्याबाहेर जातात आणि मधला भाग तेवढा उरतो. लहान सेन्सरवर हेच घडतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, तर कॅननच्या १५०० डी सारख्या कॅमेऱ्याचा २२.३ मिलिमीटर. ३६ ला २२.३ ने भागलं की साधारण १.६ येतात. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांचा सेन्सर थोडा मोठा, त्यांचा गुणक १.५. मायक्रो फोर थर्ड्सचा २. कॅननवर पन्नासला १.६ ने गुणलं की ८० येतात. म्हणजे फुल फ्रेमवर ८० एमएमची लेन्स जेवढं दृश्य दाखवते, तेवढंच या कॅमेऱ्यावर पन्नासची दाखवते. या ८० ला समतुल्य फोकल लेन्थ म्हणतात. लेन्स मात्र पन्नासचीच राहते.

आता पुन्हा हॉलमध्ये येऊ. पाच-सहा माणसं शेजारी शेजारी बसली की साधारण आठ फूट रुंदी लागते. किती अंतरावर उभं राहायचं हे एका साध्या हिशेबाने कळतं: हवी असलेली रुंदी गुणिले फोकल लेन्थ, भागिले सेन्सरची रुंदी. फुल फ्रेमवर आठ गुणिले पन्नास भागिले ३६, म्हणजे सुमारे ११ फूट. कॅननच्या एपीएस-सीवर त्याच पन्नासने सुमारे १८ फूट. हॉल पंधरा फूट लांब, त्यात भिंतीलगतच्या सोफ्याने अडवलेली जागा वेगळी. अठरा फूट आणायचे कुठून? त्याच कॅमेऱ्यावर २४ एमएमची लेन्स लावली तर साडेआठ-नऊ फुटांवरून सगळे मावतात. तिची समतुल्य फोकल लेन्थ सुमारे ३८.

लेन्स घेताना इथे हमखास एक घोटाळा होतो. काही लेन्स खास लहान सेन्सरसाठीच बनवलेल्या असतात. कॅनन त्यांना ईएफ-एस म्हणतं, निकॉन डीएक्स. त्यांच्यावरचा आकडा आधीच गुणून लिहिलेला असेल, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सवर खरी फोकल लेन्थच छापलेली असते. सोबत मिळणारी १८-५५ ही खरोखर १८ ते ५५ एमएमचीच आहे आणि कॅननवर तिची व्याप्ती साधारण २९ ते ८८ इतकी होते. मोबाइल किंवा बांधीव लेन्सच्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत मात्र बहुधा समतुल्य आकडा दिसतो. निकॉन पी१००० ची लेन्स २४ ते ३००० एमएम सांगितली जाते. तिची खरी फोकल लेन्थ ४.३ ते ५३९ एमएम आहे. त्यामुळे समोरचा आकडा खरा की समतुल्य, हे आधी पाहावं. समतुल्य असेल तर पुन्हा गुणू नये.

दुसरा प्रश्न अ‍ॅपर्चरचा. एफ/१.८ लाही १.६ ने गुणायचं का? एक्स्पोजर ठरवताना नाही. त्याच उजेडात, त्याच आयएसओला, एफ/१.८ ला जो शटर स्पीड फुल फ्रेमवर चालतो तोच इथेही चालतो, कारण सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर तेवढाच प्रकाश पडतो. मागची धूसरता ताडायची असेल तर मात्र गुणावं लागतं. त्याच जागेवरून तेवढंच दृश्य घेतलं, तर कॅननच्या एपीएस-सीवरची ५० एमएम, एफ/१.८ ही फुल फ्रेमवरच्या ८० एमएम, सुमारे एफ/२.९ इतकी धूसरता देते. ती कमी नाही, पण ८० एमएम एफ/१.८ चे फोटो पाहून मनात धरलेली अपेक्षा इथे पूर्ण होणार नाही. हाताने फोटो काढताना शटर स्पीडसाठीही समतुल्य आकडाच धरावा: १/५० ऐवजी निदान १/८०. दृश्य जितकं आवळून येतं, तितकी हाताची थरथरही ठळक दिसते.

मग पन्नास घ्यावी की नाही? कमरेपासून वरचा उभा फोटो काढायला साधारण तीन फूट उंचीची चौकट लागते. त्यासाठी पन्नासने सुमारे पावणेसात फुटांवर उभं राहावं लागतं. एवढ्या अंतरावरून नाक, कान, हनुवटी यांची प्रमाणं नीट येतात. तोच फोटो २४ ने घ्यायचा तर जेमतेम सव्वातीन फुटांवर जावं लागेल आणि नाक मोठं दिसू लागेल. हा फरक लेन्सचा किंवा सेन्सरचा नसून अंतराचा आहे. म्हणजे एकेकट्या माणसांचे, मुलांचे फोटो काढणाऱ्याला पन्नास उत्तम. खोलीतल्या कुटुंबासाठी २४. कॅननची ईएफ-एस २४ एमएम, एफ/२.८ ही त्यासाठी सोयीची चपटी लेन्स आहे. तडजोड एवढीच की एफ/२.८ ला एफ/१.८ च्या तुलनेत अडीचपट कमी प्रकाश मिळतो आणि धूसरताही बरीच घटते. शिवाय ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. ईएफ माउंटची पन्नास बसते, आणि तिथे तिचं दृश्य खऱ्या पन्नासचं होतं.

यातलं काहीही विकत घेण्याआधी हातातल्या १८-५५ ची रिंग ५० वर ठेवून एक संध्याकाळ घरात फोटो काढा. ती अजिबात हलवू नका. दुसऱ्या संध्याकाळी २४ वर ठेवून काढा. नुसत्या चौकटीपुरत्या, पन्नासच्या आणि २४ च्या लेन्स त्याच कॅमेऱ्यावर नेमकं एवढंच दाखवतील. जुन्या फोटोंची माहिती उघडली तरी प्रत्येकापुढे फोकल लेन्थ नोंदलेली सापडेल. मनापासून आवडलेले फोटो कोणत्या आकड्याभोवती जमलेत ते पाहा. तो या कॅमेऱ्यावरचा खरा आकडा आहे. दुकानात तोच सांगा. त्याला कशानेही गुणायची गरज नाही.