ट्रेंड की रेंज? निफ्टीचे वीस महिने

शेअर बाजारात नव्याने उतरलेला माणूस आधी सेटअप शोधतो. कुणी घसरणीत खरेदी करायला सांगतो, कुणी उच्चांक मोडला की घ्यायला. दोन्ही पद्धती चालतात, पण त्या ट्रेंड असतानाच. भाव एका पट्ट्यात खालीवर फिरत असेल, तर उच्चांक मोडला म्हणून घेतलेला सौदा पट्ट्याच्या वरच्या काठावरच घेतला जातो आणि स्टॉपलॉस उडतो. म्हणून बाजार कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी ठरवायला हवे.

यासाठी ऑक्टोबर २०२१ ते जून २०२३ या काळातला निफ्टी पाहण्यासारखा आहे. मार्च २०२०च्या ७,५०० पासून सुरू झालेली तेजी १९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुमारे १८,६०० वर थांबली. पुढचे मोठे टप्पे ढोबळ आकड्यांत असे : डिसेंबरात १६,४००, जानेवारी २०२२ मध्ये १८,३५०, मार्चमध्ये १५,६७०, एप्रिलमध्ये १८,१०० आणि जूनमध्ये १५,१८०.

पुस्तकी व्याख्या सोपी आहे. शिखरे आणि तळ दोन्ही चढत गेले तर तेजीचा ट्रेंड, दोन्ही उतरत गेले तर मंदीचा. वरच्या आकड्यांना ती लावली, तर शिखरे १८,६००, १८,३५०, १८,१०० अशी आणि तळ १६,४००, १५,६७०, १५,१८० असे उतरताना दिसतात. म्हणजे मंदीचा ट्रेंड! या भरवशावर जूनमध्ये तळ मोडल्यावर ज्याने विक्री केली, त्याला तीनच महिन्यांत निफ्टी पुन्हा १८,००० च्या वर गेलेला पाहावा लागला.

व्याख्या चुकीची नाही, अपुरी आहे. प्रत्येक चाल किती लांब होती आणि त्यातून नवा भाव किती मिळाला, हेही मोजावे लागते. जानेवारी ते मार्चची घसरण सुमारे २,६८० अंकांची होती, पण डिसेंबरच्या तळाखाली भाव फक्त ७३० अंक गेला. बाकीचा सगळा प्रवास आधी पाहिलेल्या भावांतूनच झाला. एप्रिल ते जूनची घसरण त्याहून मोठी, सुमारे २,९२० अंकांची, आणि नवा भाव मात्र ४९० अंकांचा, म्हणजे जेमतेम एक षष्ठांश. चाल वाढत होती आणि तिचे फळ घटत होते. खऱ्या ट्रेंडमध्ये चाली एकमेकींना इतक्या झाकत नाहीत. ऑगस्ट २०२१च्या सुरुवातीला निफ्टीने १६,००० ओलांडले, त्यानंतर १८,६०० पर्यंतच्या त्या चढाईत तो पुन्हा त्याखाली आला नाही. हा फरक डोळ्यांनी दिसतो आणि कागदावर मोजताही येतो. माझ्या मते कोणत्याही इंडिकेटरच्या आधी हेच मोजावे.

इंडिकेटरच हवा असेल, तर वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला एडीएक्स याच कामाचा आहे. तो दिशा सांगत नाही, फक्त ट्रेंडचा जोर सांगतो. रूढ संकेत असा की २५ च्या वर ट्रेंड आणि २० च्या खाली रेंज समजावी. पण तो सरासरीचीही सरासरी काढून येतो, त्यामुळे उशिरा बोलतो. पट्ट्यातली एखादी लांब चाल संपत आली की नेमका तेव्हाच तो २५ ओलांडू शकतो.

इथे चार्टचा कालावधी महत्त्वाचा ठरतो. जून ते सप्टेंबर २०२२ची चढाई साप्ताहिक चार्टवर पट्ट्यातलीच एक फेरी होती. रोजच्या चार्टवर मात्र ती सरळ तेजी होती. दोन आठवड्यांसाठी सौदा करणाऱ्याने तिला ट्रेंड म्हणणे योग्यच होते, पण वर १८,६०० चा काठ आहे हे त्याला ठाऊक हवे होते. त्या काठाजवळ नवी खरेदी करण्यात अर्थ नव्हता. पट्ट्याच्या मधोमध तर दोन्ही काठ सारखेच दूर असतात, म्हणून तिथे रेंजचा सौदाही बसत नाही.

सगळ्यात कठीण काम म्हणजे रेंज संपल्याचे ओळखणे. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस निफ्टीने जुना उच्चांक मोडला आणि १ डिसेंबरला १८,८८७ गाठले. त्या आठवड्याचा बंद भावही जुन्या उच्चांकाच्या वरच होता. पुढच्याच आठवड्यात बाजार पट्ट्याच्या आत बंद झाला आणि मार्च २०२३ मध्ये १६,८३० पर्यंत आला. म्हणजे एका आठवड्याचा बंद भाव पुरेसा पुरावा नव्हता.

२८ जून २०२३ रोजी १८,८८७ पुन्हा ओलांडले गेले. या वेळी भाव जुलैत १९,९९१ पर्यंत गेला, आणि ऑगस्टमध्ये मागे आला तेव्हा १९,२०० च्या वरच थांबला. जुन्या पट्ट्यात तो शिरला नाही. घसरणीत खरेदीचा सेटअप इथे लागू झाला. ऑगस्टपर्यंत वाट पाहणाऱ्याला ब्रेकआउटच्या भावापेक्षा तीनेकशे अंक जास्त मोजावे लागले. डिसेंबरात घाईने घेणाऱ्याला त्याआधी दोन हजार अंकांची घसरण सोसावी लागली होती.